फी तोकडी पडली, व्यवहार अडकला

७ मे २०२३, रविवार. बायनान्स या जगातल्या सर्वांत मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजने बिटकॉइन बाहेर पाठवण्याची सोय अचानक थांबवली. तास-दीड तासाने ती सुरू झाली आणि काही तासांतच पुन्हा बंद झाली. एक्स्चेंजवर दरोडा पडला नव्हता, की तिथली नाणी संपली नव्हती. ग्राहकांचे बिटकॉइन एक्स्चेंजमधून निघाले होते, फक्त पोहोचत नव्हते. कंपनीचा खुलासा असा होता की बिटकॉइनच्या जाळ्यावरची फी एकाएकी वर गेली आणि आपण लावलेली फी त्यापुढे तोकडी पडली. मग अडकलेले व्यवहार जास्त फी लावून बदलण्यात आले आणि वाट मोकळी झाली.

व्यवहार एकदा पाठवला की तो परत घेता येत नाही, हे तर बिटकॉइनबद्दल सगळ्यांनी ऐकलेले असते. मग पाठवलेला व्यवहार बदलला कसा? त्याचे उत्तर समजले, तर आपला व्यवहार तासन् तास ‘अनकन्फर्म्ड’ दिसत असताना काय करायचे तेही समजते.

आपण वॉलेटमध्ये ‘पाठवा’ दाबतो तेव्हा पैसे जात नाहीत. जाते ती सही केलेली एक सूचना: माझ्याकडचा अमुक तुकडा तमुक पत्त्यावर वळवा. ही सूचना जगभर पसरलेल्या नोड नावाच्या संगणकांकडे पोहोचते. सही खरी आहे आणि तुकडा आधी खर्च झालेला नाही, एवढे तपासून प्रत्येक नोड ती आपल्या प्रतीक्षायादीत ठेवतो. या यादीला मेमपूल म्हणतात. मायनर मेमपूलमधून व्यवहार उचलून ब्लॉक बनवतात, आणि व्यवहार ब्लॉकमध्ये बसला की तो पक्का होतो. परत न फिरणारा व्यवहार म्हणतात तो हा. त्याआधीचा व्यवहार म्हणजे रांगेतली विनंती, आणि विनंती बदलता येते.

रांग म्हटले की आधी येणाऱ्याचा नंबर आधी, असे आपण धरून चालतो. इथे तसे नाही. एका ब्लॉकमध्ये कमाल दहा लाख व्हर्च्युअल बाइट एवढीच जागा असते आणि सरासरी दहा मिनिटांनी एक ब्लॉक येतो. जागा मोजकी असल्याने मायनर प्रत्येक बाइटमागे जास्त पैसे देणाऱ्याला आधी घेतो. फी ठरते ती व्यवहाराच्या आकारावर, रकमेवर नाही. एसटीच्या पार्सलला जसे वजनावर पैसे घेतात, आत चांदी आहे की चिवडा हे विचारत नाहीत, तसेच. त्यामुळे पन्नास कोटींचा व्यवहार पाचशे रुपयांच्या व्यवहारापेक्षा स्वस्तात जाऊ शकतो. वॉलेटमध्ये बारीकसारीक रकमा बऱ्याच वेळा येऊन साठल्या असतील, तर एक मोठी रक्कम पाठवताना ते सगळे तुकडे गोळा करावे लागतात. आजच्या रूढ पद्धतीच्या पत्त्यांवर एकेक तुकडा व्यवहारात सुमारे ६८ बाइटची भर घालतो. फी महाग पडल्याची तक्रार बऱ्याचदा इथून सुरू होते.

हा दर सातोशीत सांगतात. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. पडद्यावर sat/vB असे दिसते, म्हणजे एका व्हर्च्युअल बाइटमागे किती सातोशी. हा आकडा वॉलेटने ठळक दाखवायला हवा, असे माझे मत आहे. पुष्कळ वॉलेट तो लपवतात आणि ‘हळू’, ‘मध्यम’, ‘जलद’ अशी तीन बटणे देतात. ‘हळू’ म्हणजे अर्धा तास की आठवडा, हे मात्र बटण सांगत नाही.

२०२३ च्या मे महिन्यात दर चढले त्याला कारण होते. केसी रोडार्मर या प्रोग्रॅमरने त्या वर्षी जानेवारीत ऑर्डिनल्स ही पद्धत आणली होती. तिच्यामुळे बिटकॉइनच्या साखळीवर चित्रे आणि मजकूर कोरता येऊ लागले. मार्चमध्ये त्याच पायावर बीआरसी-२० नावाची टोकन निघाली आणि मे उजाडेपर्यंत ती मिळवण्यासाठी झुंबड उडाली. प्रतीक्षायादीत चार लाखांहून जास्त व्यवहार साचले. ब्लॉक क्रमांक ७,८८,६९५ मध्ये तर मायनरला फीपोटी सुमारे ६.७ बिटकॉइन मिळाले. त्या वेळी ब्लॉक बनवण्याचे ठरलेले बक्षीसच ६.२५ होते. आदल्या आठवड्यात जी फी पुरेशी होती, ती या गर्दीत कुठल्या कुठे मागे पडली.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा, एकाच्या वॉलेटमध्ये ५०,००,००० सातोशींचा एक तुकडा आहे आणि त्याला २०,००,००० सातोशी दुसऱ्याला द्यायचे आहेत. बिटकॉइनमध्ये तुकडा अर्धवट खर्च करता येत नाही. तो सगळा मोडतो, त्यातला एक भाग घेणाऱ्याकडे जातो आणि उरलेला ‘चेंज’ म्हणून आपल्याच एका नव्या पत्त्यावर परत येतो. एक तुकडा आत आणि दोन बाहेर, अशा व्यवहाराचा आकार सुमारे १४१ बाइट भरतो. पाठवणाऱ्याने ८ sat/vB दर लावला, म्हणजे फी झाली १,१२८ सातोशी आणि चेंज २९,९८,८७२. पाठवला तेव्हा हा दर ठीक होता. तासाभरात गर्दी उसळली आणि पुढच्या ब्लॉकमध्ये जागा मिळवायला ४० चा दर लागू लागला.

काहीही करण्याआधी अडचण फीचीच आहे ना, हे पाहायला हवे. ब्लॉक घड्याळ लावून येत नाहीत. दहा मिनिटे ही सरासरी असते. अर्धा तास एकही ब्लॉक न येण्याची शक्यता विसात एक असते, आणि तासाभराहून मोठा खंड दर दोन-चार दिवसांनी पडतोच. शेवटचा ब्लॉक येऊनच पन्नास मिनिटे झाली असतील, तर तुमच्या फीचा दोष नाही; तेवढा वेळ सगळेच थांबले आहेत. उलट पाठवल्यापासून सहा-सात ब्लॉक येऊन गेले आणि तुमचा व्यवहार एकातही नाही, तर दर कमी पडला असे समजावे. mempool.space सारख्या संकेतस्थळावर आपल्या व्यवहाराचा क्रमांक, म्हणजे txid, टाकला की त्याचा दर, सध्या चालू असलेले दर आणि आलेले ब्लॉक एकाच ठिकाणी दिसतात. तिथे तो क्रमांक सापडलाच नाही, तर मात्र गोष्ट वेगळी आहे. व्यवहार वॉलेटमधून बाहेरच पडला नसेल किंवा यादीतून गळाला असेल.

दरच कमी पडला आहे असे दिसले, की पहिला पर्याय थांबण्याचा. घाई नसेल तर तो वाईट नाही. फी एका दिवसातही वरखाली होते आणि शनिवार-रविवारी बऱ्याचदा उतरते. आपला दर चालू दराच्या जरा खाली असेल, तर रात्र उलटेपर्यंत काम होऊन जाते. पण ८ आणि ४० मध्ये जेवढे अंतर आहे तेवढे असेल, तर थांबणे म्हणजे गर्दी ओसरण्यावर पैज लावणे. २०२३ च्या त्या लाटेनंतर अगदी तळच्या दराचे व्यवहार साफ व्हायला महिनोन् महिने लागले.

थांबण्यालाही हद्द आहे. बहुतेक नोड बिटकॉइन कोअर नावाचे सॉफ्टवेअर चालवतात. त्यात मेमपूलसाठी ठरवून दिलेली जागा ३०० मेगाबाइट असते आणि अडकलेला व्यवहार १४ दिवसांनी, म्हणजे ३३६ तासांनी, काढून टाकला जातो. जागा आधीच भरली, तर सर्वांत कमी दराचे व्यवहार त्याहून आधी बाहेर फेकले जातात. असे झाले की वॉलेट पैसे परत आल्याचे दाखवते आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो. इथेच फसगत होते. यादीतून गळणे म्हणजे रद्द होणे नाही. सही केलेली सूचना अजूनही खरी असते. तिची प्रत ज्याच्याकडे आहे असा कोणीही, अगदी पैसे घेणारासुद्धा, ती उद्या पुन्हा जाळ्यावर सोडू शकतो. ‘गेला नाही बहुतेक’ असे म्हणून कोणी दुसऱ्याच तुकड्यातून तीच रक्कम पुन्हा पाठवली आणि पुढे दर उतरले, तर दोन्ही व्यवहार पक्के होतात. पैसे दोनदा जातात आणि मग परत मागण्यासाठी समोरच्याच्या भलेपणावर अवलंबून राहावे लागते.

जुना व्यवहार खरोखर मारायचा असेल, तर एकच उपाय आहे. तोच तुकडा दुसऱ्या व्यवहारात खर्च करायचा आणि तो दुसरा व्यवहार ब्लॉकमध्ये बसवायचा. एक तुकडा दोनदा खर्च होऊ शकत नाही, त्यामुळे पहिला आपोआप बाद होतो. फी बदलण्याची सोय, जिला ‘रिप्लेस-बाय-फी’ किंवा थोडक्यात आरबीएफ म्हणतात, ती याच तत्त्वावर उभी आहे. बायनान्सने केले ते हेच.

आपल्या उदाहरणातला पाठवणारा वॉलेटमध्ये तो व्यवहार उघडून फी वाढवण्याचा पर्याय निवडतो. इलेक्ट्रममध्ये तो ‘बम्प फी’ नावाने सापडतो, आणि बिटकॉइन कोअर चालवणारा अशी आज्ञा देतो:

```
bitcoin-cli bumpfee <txid>
```

वॉलेट तोच ५०,००,००० चा तुकडा घेते, घेणाऱ्याचे २०,००,००० तसेच ठेवते आणि चेंज कमी करते. ४० च्या दराने फी होते ५,६४० आणि चेंज उरतो २९,९४,३६०. त्या मेमध्ये बिटकॉइन २८,००० डॉलरच्या आसपास होते. म्हणजे ही सगळी खटपट सव्वा डॉलरच्या वाढीव फीसाठी होती. दोन्ही फींची बेरीज द्यावी लागत नाही, कारण जुना व्यवहार कधी पक्का होतच नाही.

नोड अशी अदलाबदल हवी तितक्या वेळा फुकट करू देत नाहीत, नाहीतर कोणीही जाळ्याला खेळवत बसेल. नव्या व्यवहाराची एकूण फी जुन्यापेक्षा जास्त हवी, आणि त्यावर नव्याच्या आकारापुरती थोडी भर हवी. ही भर वर्षानुवर्षे बाइटमागे १ सातोशी होती. २०२५ मध्ये बिटकॉइन कोअरने ती त्याच्या दहाव्या हिश्शावर आणली. जुन्या हिशेबाने आपल्या उदाहरणात किमान १,२६९ सातोशी लागतील. अर्थात एवढ्याने अदलाबदल होईल, पण दर फक्त ९ होईल आणि व्यवहार अडकलेलाच राहील. लोक भीत भीत एकेक सातोशीने फी वाढवतात आणि दर वेळी थोडी जास्त भरतात. त्यापेक्षा चालू दर पाहून एकदाच पुरेशी उडी घ्यावी.

या सोयीचे नियम २०१५ मध्ये बीआयपी १२५ या प्रस्तावात लिहिले गेले. आपण हा व्यवहार पुढे बदलू शकतो, अशी खूण व्यवहारातच करावी लागे. खूण नसलेला व्यवहार बदलायला बहुतेक नोड नकार देत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या बिटकॉइन कोअरच्या २८ व्या आवृत्तीने ही अट मूळ मांडणीतूनच काढून टाकली. आता खूण असो वा नसो, जास्त फीचा व्यवहार जुन्याची जागा घेऊ शकतो. यावर बरीच वर्षे भांडणे झाली. पक्का न झालेला व्यवहार पाहूनच माल हातात देणाऱ्या दुकानदारांचा याला विरोध होता. मला त्यांची अडचण समजते, पण त्यांचा भरवसा मुळातच चुकीच्या जागी होता. त्याच तुकड्याचा दुसरा व्यवहार गुपचूप मायनरपर्यंत पोहोचवणे आधीही अशक्य नव्हते.

फी बदलली की व्यवहाराचा txid बदलतो. घेणारा जुना क्रमांक टाकून शोधत बसला, तर त्याला व्यवहार नाहीसा झालेला दिसेल आणि आपण फसवले गेलो असे वाटेल. म्हणून नवा क्रमांक त्याला लगेच कळवावा. दुसरी अडचण ‘सगळे पाठवा’ केलेल्या व्यवहारात येते. तिथे चेंजच नसतो. मग वाढीव फी एक तर घेणाऱ्याच्या रकमेतून कापावी लागते किंवा वॉलेटमधला आणखी एक तुकडा जोडावा लागतो, आणि जोडल्यावर आकार वाढतो तशी फीही वाढते.

एवढा वेळ आपण पाठवणाऱ्याच्या बाजूने बोललो. घेणाऱ्याला आरबीएफ करता येत नाही, कारण मोडायच्या तुकड्याची किल्ली त्याच्याकडे नाही. पण २०,००,००० सातोशींच्या येणाऱ्या तुकड्याची किल्ली त्याच्याकडे आहे, आणि पक्का न झालेला तुकडासुद्धा पुढे खर्च करता येतो. तो हा तुकडा स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर वळवतो आणि त्या नव्या व्यवहाराला भरघोस फी लावतो. मायनरला ही फी हवी असेल, तर आधी जुना व्यवहार ब्लॉकमध्ये घ्यावा लागतो, कारण त्याच्याशिवाय नवा खरा ठरत नाही. मूल बापाची फी भरते, म्हणून याला ‘चाइल्ड पेज फॉर पेरेंट’ किंवा सीपीएफपी म्हणतात.

मात्र नुसता ४० चा दर मुलाला लावून भागत नाही. मायनर दोघांचा मिळून दर पाहतो. बाप १४१ बाइटचा, मूल सुमारे ११० चे, मिळून २५१. ४० च्या दराने एकूण १०,०४० सातोशी हवेत. बापाने १,१२८ भरलेले आहेत, उरलेले ८,९१२ मुलाने भरायचे. म्हणजे मुलाचा स्वतःचा दर ८१ पडतो. आरबीएफमध्ये ४,५१२ सातोशी वाढवून जे काम झाले, त्याला इथे जवळपास दुप्पट लागले, कारण एका व्यवहाराऐवजी दोघांच्या जागेचे पैसे मोजावे लागतात. पाठवणारा संपर्कात असेल तर त्यालाच फी वाढवायला सांगणे केव्हाही स्वस्त. आणि घेणाऱ्याने मूल जोडलेच असेल, तर पाठवणाऱ्याने मग आरबीएफच्या भानगडीत पडू नये. बाप बदलला की मूलही बाद होते, म्हणून नव्या व्यवहाराला त्या मुलाच्या फीपेक्षाही जास्त फी मोजावी लागते. आधी एकमेकांशी बोलून घेतले तर हे टळते.

मायनिंग पूलना थेट पैसे देऊन आपला व्यवहार पुढे ढकलून घेण्याच्या सेवाही आहेत. mempool.space ची अशी सेवा आहे, व्हायाबीटीसी या पूलचीही आहे. त्यांना फक्त txid लागतो. तुमची खासगी किल्ली किंवा वॉलेटचे बारा शब्द मागणारी ‘ॲक्सलरेटर’ सेवा चोराची असते, आणि व्यवहार अडकल्यावर मदत शोधत फिरणारा घाबरा माणूस त्याला नेमका हवा असतो. घाईत उलट चूकही होते. १० सप्टेंबर २०२३ रोजी पॅक्सॉस या अमेरिकी कंपनीकडून ०.०७४ बिटकॉइन पाठवताना १९.८ बिटकॉइन फी गेली, म्हणजे सुमारे पाच लाख डॉलर. तो ब्लॉक बनवणाऱ्या एफटूपूलने ती रक्कम परत केली, पण तसे करण्याचे त्यांच्यावर कसलेही बंधन नव्हते.

राहिला प्रश्न त्या रविवारी बायनान्सकडून स्वतःच्या वॉलेटमध्ये पैसे मागवलेल्या ग्राहकाचा. पाठवणारे एक्स्चेंज, म्हणजे आरबीएफ त्याच्या हातात नाही. भारतातल्या एक्स्चेंजमधून पैसे काढणाऱ्याचीही हीच स्थिती असते. येणाऱ्या तुकड्याची किल्ली मात्र त्याच्याच वॉलेटमध्ये असते, तेव्हा तो सीपीएफपी करू शकतो. फक्त हिशेब करून. एक्स्चेंज खर्च वाचवण्यासाठी अनेक ग्राहकांचे पैसे एकाच व्यवहारात पाठवते. समजा, शंभर जणांचे मिळून ३,१८० बाइट झाले आणि दर तोच ८ आहे. एकट्या ग्राहकाने तो सगळा व्यवहार ४० च्या दराला ओढायचा म्हटले, तर त्याच्या मुलाला १,०६,१६० सातोशी भरावे लागतील, म्हणजे तेव्हाचे सुमारे तीस डॉलर. त्याच्या पैशांबरोबर उरलेल्या नव्व्याण्णव जणांचेही फुकटात पक्के होतील. एवढे उदार व्हायचे की त्या नव्व्याण्णवांपैकी कोणी आधी अधीर होतो का ते पाहायचे, हे त्याने पैशांच्या निकडीवर ठरवावे.